"आम्ही चेंबरचे मेंबर आहोत" असं कंपनी म्हणते तेव्हा नक्की काय चेक करायचं, आणि चेक करूनही काय कळत नाही

अनोळखी कंपनीकडून कोटेशन मागवलं की हल्ली त्यासोबत एक पीडीएफ हमखास येते. सोनेरी बॉर्डर, मध्ये मोठा शिक्का, खाली कुणाची तरी वळणदार सही, आणि मजकूर असा की अमुक कंपनी आमच्या असोसिएशनची किंवा चेंबर ऑफ कॉमर्सची सन्माननीय सभासद आहे. पाठवणारा वर म्हणतो, "सर आम्ही रजिस्टर्ड मेंबर आहोत, काही टेन्शन नाही." आणि मग 30 टक्के ॲडव्हान्सची रिक्वेस्ट. आता समोरच्याला प्रश्न पडतो की हे सर्टिफिकेट खरंय का, आणि खरं असेल तर पैसे पाठवायला हरकत नाही ना?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि घोळ होतो तो दोन्ही एकत्र केल्यामुळे. पहिल्याचं उत्तर काढायला फारतर दोन-तीन दिवस लागतात, तेही बरेचसे मेलच्या उत्तराची वाट बघण्यात. दुसऱ्याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा "त्याचा याच्याशी संबंध नाही" असंच असतं.

या संस्था असतात तरी काय

ट्रेड असोसिएशन म्हणजे एकाच धंद्यातल्या कंपन्यांची संघटना, म्हणजे माल वाहतूकवाल्यांची, ट्रॅव्हल एजंटांची, केमिकल बनवणाऱ्यांची वगैरे. चेंबर ऑफ कॉमर्स म्हणजे एखाद्या शहरातल्या, विभागातल्या किंवा देशातल्या सगळ्या प्रकारच्या व्यापाऱ्यांची. ही कल्पना जुनी आहे, फ्रान्समधल्या मार्सेच्या व्यापाऱ्यांनी 1599 मध्ये असं चेंबर काढलं होतं. संस्थेचं मुख्य काम आपल्या मेंबर्सची बाजू सरकारपुढे मांडणं, ओळखीपाळखी वाढवणं, ट्रेनिंग देणं. म्हणजे ती मेंबर्ससाठी असते, मेंबर्सकडून माल घेणाऱ्यांसाठी नसते, एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं जातं.

आणि सगळीकडे चेंबर म्हणजे एकच प्रकार असंही नाही. ब्रिटन, अमेरिकेत चेंबर ही खाजगी संस्था, वाटलं तर फी भरून मेंबर व्हा नाहीतर नका होऊ. जर्मनीत उलट, तिथल्या इंडस्ट्री आणि कॉमर्स चेंबरची मेंबरशिप बहुतेक धंद्यांना कायद्याने सक्तीची आहे, त्याविरुद्ध लोक कोर्टात गेले आणि तिथल्या घटनात्मक कोर्टाने 2017 मध्ये ती सक्ती कायम ठेवली. त्यामुळे जर्मन कंपनी जेव्हा अभिमानाने सांगते की आम्ही चेंबरचे मेंबर, तेव्हा ती एवढंच सांगत असते की आम्ही तिथे धंदा करतो. तिची निवड कुणी केलेली नसते. नेदरलँड्समध्ये तर आणखी वेगळं, तिथलं चेंबर सरकारी व्यापार रजिस्टर सांभाळतं, तिथे कंपनीला नंबर मिळतो तो नोंदणीचा, मेंबरशिपचा नाही. तरी लोक तोच नंबर दाखवून "चेंबर मेंबर" म्हणतात. म्हणजे कागद बघायच्या आधी विचारायचं ते हे की त्या देशात चेंबर हा प्रकार सक्तीचा आहे, ऐच्छिक आहे, की नुसतं नोंदणी ऑफिस आहे.

पण मेंबर करून घेताना त्यांनी चेक केलंच असेल ना?

केलं असेल, पण काय केलं ते संस्थेगणिक बदलतं आणि फरक प्रचंड असतो. एका टोकाला अशा असोसिएशन आहेत ज्या अर्जासोबत ऑडिट झालेले हिशोब मागतात, इन्शुरन्सची पॉलिसी मागतात, धंद्यात किमान काही वर्षं काढलेली असावी लागतात, दोन जुन्या मेंबर्सची शिफारस लागते, आणि दरवर्षी यातलं काही ना काही परत बघतात. दुसऱ्या टोकाला फॉर्म भरा, कार्डाने फी भरा, दहा मिनिटांत सर्टिफिकेट डाउनलोड करा. मधल्या बऱ्याच संस्था कंपनी नोंदणीचा कागद आणि पत्ता बघतात आणि थांबतात. यात त्यांचा काही गुन्हा नाही, त्यांचं ऑफिस बहुधा चार-सहा माणसांचं असतं आणि खर्च फीवर चालतो, आलेल्या प्रत्येक अर्जदाराची चौकशी करत बसले तर संस्थाच चालायची नाही.

लायब्ररीच्या कार्डाचा विचार करा. ते देताना लायब्ररीने एकदा पत्त्याचा पुरावा बघितला, डिपॉझिट घेतलं, बास. ते कार्ड दाखवून कुणी तुमच्याकडे उसने पैसे मागितले तर तुम्ही द्याल का? कार्ड खरंच आहे, लायब्ररीही खरी आहे, पण लायब्ररीने कधी त्या माणसाची उधारी फेडायची ऐपत बघितलेली नाही कारण तिला ते बघायचं कारणच नव्हतं.

म्हणून संस्थेच्या साईटवर "मेंबर कसे व्हाल" हे पान आधी वाचायचं. मला विचाराल तर हेच पान सगळ्यात उपयोगी आणि हेच कुणी उघडत नाही. कुठले कागद मागतात, एकदाच मागतात की दरवर्षी, नियम मोडले तर काय होतं, कुणाला काढून टाकलं तर ते जाहीर करतात का, हे सगळं बहुतेक वेळा तिथे किंवा संस्थेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. तिथे नुसतेच फायदे आणि फीचे प्लॅन असतील, अट एकही नसेल, तर त्या सर्टिफिकेटची किंमत तुमची तुम्हाला कळलीच.

चेक करायची सुरुवात नावापासून

आता एक केस घेऊ. समजा तुमचं छोटं वर्कशॉप आहे, परदेशातून मशीनचे बेअरिंग मागवायचेत. विकणारी कंपनी आहे, तिला आपण "अबक" म्हणू. सर्टिफिकेटवर नाव आहे अबक ट्रेडिंग लिमिटेड, मेंबर नंबर आहे, वैधता या वर्षाअखेरपर्यंत आहे. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल पाठवायच्या आधीचं कच्चं बिल, तेही आलंय, त्यावर नाव आहे अबक ग्लोबल ट्रेडिंग लिमिटेड. दोन्हीवर लोगो सेम.

बहुतेक जण इथे मान डोलावून पुढे जातात. पण कायद्याच्या नजरेत या दोन पूर्ण वेगळ्या कंपन्या असू शकतात, एकीची मेंबरशिप दुसरीला लागू होत नाही, आणि एकीने पैसे बुडवले तर दुसरी हात वर करू शकते. म्हणून समोरच्याला अगदी सरळ मेल करायचा की आमच्याशी करार कोण करणार, तिचं पूर्ण कायदेशीर नाव आणि कंपनी नोंदणी क्रमांक द्या, आणि असोसिएशनचं पूर्ण नाव, देश, मेंबर नंबर आणि मेंबरशिपचा प्रकार द्या. नाव दोन कंपन्यांचं जवळपास सारखं असू शकतं, नोंदणी क्रमांक नाही, त्यामुळे जुळवाजुळव नेहमी क्रमांकावर करायची.

यातला मेंबरशिपचा प्रकार लोक विसरतात. पूर्ण मेंबर, असोसिएट, अफिलिएट, सपोर्टर, असे वेगवेगळे वर्ग असतात आणि संस्थेची आचारसंहिता किंवा तपासणी कधीकधी फक्त पूर्ण मेंबरला लागू असते. असोसिएट हा बरेचदा त्या धंद्यातला असतोच असं नाही, तो त्या धंद्याला सॉफ्टवेअर किंवा इन्शुरन्स विकणाराही असतो. आणि "गोल्ड", "प्लॅटिनम" लिहिलं असेल तर ते बहुधा किती फी भरली त्याचं नाव असतं. प्रदर्शनात स्टॉल घेतला किंवा कार्यक्रमाला स्पॉन्सरशिप दिली म्हणून लोगो वापरणारेही असतात, ते तर मेंबरच नसतात.

सर्टिफिकेटवर क्यूआर कोड आहे की!

हो, आणि तो स्कॅन केला की हिरवी टिक आणि "व्हेरिफाइड मेंबर" असं पान उघडतं. पण तो कोड ज्याने सर्टिफिकेट बनवलं त्यानेच टाकलाय. खोटं सर्टिफिकेट बनवणाऱ्याला खोटं पान बनवायला काय जड आहे? असोसिएशनच्या साईटची हुबेहूब नक्कल करून, पत्त्यात एखादा डॅश जास्त टाकून, तिथे आपलंच नाव यादीत घुसवायचं, हे काही अवघड नाही. म्हणून सर्टिफिकेटवरची लिंक, क्यूआर, फोन नंबर, मेल आयडी यातलं काहीच वापरायचं नाही. संस्थेपर्यंत आपण आपल्या रस्त्याने पोचायचं.

रस्ता कुठला? संस्थेकडे बोट दाखवणारे दुसरे लोक शोधायचे. खऱ्या असोसिएशनचं नाव सरकारी खात्याच्या पानांवर येतं, आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या मेंबर यादीत असतं, त्या धंद्यातल्या जुन्या मोठ्या कंपन्या आपल्या साईटवर तिचा उल्लेख करतात, आणि या सगळ्या ठिकाणांहून जाणारी लिंक एकाच साईटवर पोचते. तीच साईट वापरायची. संस्थाच बनावट आहे का अशी शंका असेल तर `lookup.icann.org` वर जाऊन साईटचं डोमेन टाकायचं, ते कधी रजिस्टर झालं ती तारीख बऱ्याच डोमेनसाठी दिसते. "गेली सत्तर वर्षं सेवेत" म्हणणाऱ्या संस्थेचं डोमेन पाच महिन्यांपूर्वीचं असेल तर खोलात जायला हवं. तेवढ्यावरून मात्र खोटी ठरवू नका, संस्था नावं बदलतात, साईट बदलतात. इतरांच्या लिंक अजून जुन्या साईटकडेच जातायत आणि या नवीन साईटला कुणीच ओळखत नाही असं असेल तर गडबड.

आणि नाव भारदस्त आहे म्हणून भुलू नका. ब्रिटनमध्ये "चेंबर ऑफ कॉमर्स" हे नाव कंपनीला उचलून लावता येत नाही, त्यासाठी 1999 चा खास कायदा आहे आणि आधी मंजुरी लागते. सगळ्या देशांत असं बंधन नाही, त्यामुळे "वर्ल्ड", "इंटरनॅशनल", "चेंबर" हे शब्द एकत्र करून सर्टिफिकेट विकायचं दुकान टाकणं कित्येक ठिकाणी अगदी कायदेशीर असतं.

डिरेक्टरीत नाव सापडलं, म्हणजे झालं?

आपल्या केसमध्ये असोसिएशन खरी निघाली. तिच्या साईटवरच्या मेंबर डिरेक्टरीत अबक ट्रेडिंग लिमिटेड सापडली, प्रकार असोसिएट, शहर तेच. अबक ग्लोबल नावाचं काही नाही.

डिरेक्टरी हा चांगला पुरावा आहे पण दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. फी न भरलेली कंपनी पुढची साफसफाई होईपर्यंत यादीत तशीच राहते, काही संस्था तर मुदत संपल्यावरही मुद्दाम काही काळ नाव ठेवतात, परत भरतील या आशेने. उलट खरा मेंबर यादीत नसतो कारण त्याने नाव जाहीर करू नका सांगितलेलं असतं, किंवा कालच मेंबर झालाय, किंवा दुसऱ्या लिपीतलं नाव इंग्रजीत आणताना स्पेलिंग वेगळं पडलंय. म्हणून नाव नाही दिसलं तर लगेच चोर ठरवायचं नाही, स्पेलिंग बदलून, नुसता पहिला शब्द टाकून, मेंबर नंबर टाकून बघायचं आणि मग विचारायचं.

डिरेक्टरीचा खरा उपयोग वेगळाच आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. तिथे मेंबरची वेबसाईट आणि फोन दिलेला असतो. तो तुमच्याशी मेलवर बोलणाऱ्या माणसाच्या मेल आयडीशी आणि फोनशी जुळवून बघा. कारण ठगांची एक नेहमीची पद्धत अशी असते की खोटी कंपनी काढायचीच नाही, चांगल्या खऱ्याखुऱ्या मेंबर कंपनीचं नाव वापरायचं. सर्टिफिकेट खरं, मेंबर नंबर खरा, डिरेक्टरीतली नोंद खरी, फक्त तुम्हाला मेल करणारा तिथला नाही. त्याच्या मेलच्या डोमेनमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे असतं. मेंबरशिप कितीही कसून तपासली तरी ही फसवणूक त्यात पकडली जात नाही, उलट तपासल्यामुळे तुम्ही जास्त निर्धास्त होता. डिरेक्टरीतल्या नंबरवर फोन करून "हे कोटेशन तुमच्याकडून आलंय का, हा माणूस तुमच्याकडे आहे का" एवढं विचारलं की पकडली जाते.

असोसिएशनला मेल काय करायचा

सेक्रेटरिएटला, म्हणजे संस्थेचं रोजचं कामकाज बघणाऱ्या ऑफिसला, छोटा मेल करायचा. पाल्हाळ लावलं की उत्तर येत नाही. साधारण असं: "अबक ट्रेडिंग लिमिटेड, नोंदणी क्रमांक अमुक, ही कंपनी आपली मेंबर असल्याचं सांगते, मेंबर नंबर तमुक. आजच्या तारखेला ती मेंबर आहे का, कुठल्या प्रकारची, आणि कधीपासून? अबक ग्लोबल ट्रेडिंग लिमिटेड, नोंदणी क्रमांक अमुक, ही वेगळी मेंबर आहे का, किंवा पहिलीच्या मेंबरशिपमध्ये ती येते का? सोबतचं सर्टिफिकेट आपण दिलेलं आहे का?" आणि सर्टिफिकेट जोडायचं.

प्रश्न असे ठेवायचे की हो किंवा नाही म्हणता येईल. "ही कंपनी विश्वासू आहे का" असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर देणं ऑफिसातल्या माणसाच्या हातात नसतं, तो गुळमुळीत काहीतरी लिहितो आणि आपण त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावतो. काही संस्था गोपनीयतेचं कारण देऊन फक्त "आजच्या तारखेला मेंबर आहे" एवढंच सांगतात. तेवढंही चालतं. उत्तर संस्थेच्या डोमेनवरून आलंय ना ते बघायचं आणि तारखेसकट जपून ठेवायचं.

आपल्या केसमध्ये उत्तर आलं की सर्टिफिकेट आम्हीच दिलेलं, अबक ट्रेडिंग असोसिएट मेंबर आहे, अबक ग्लोबल आमच्या रेकॉर्डला नाही. हे विक्रेत्याला कळवल्यावर तो म्हणाला, "ती आमचीच सिस्टर कंपनी आहे, एकच ग्रुप." असेलही. हे बघायला असोसिएशन उपयोगाची नाही, त्या देशाचं कंपनी रजिस्टर बघायचं. तिथे दिसलं की अबक ग्लोबल सात महिन्यांपूर्वी स्थापन झाली, डायरेक्टर वेगळा, मालकीत पहिल्या कंपनीचं नावही नाही. मग डिरेक्टरीतल्या नंबरवर अबक ट्रेडिंगला फोन केला. ते म्हणाले की हा गृहस्थ आधी आमचा माल विकायचा, आता आमचा त्याच्याशी संबंध नाही, सर्टिफिकेट त्याच्याकडे तेव्हाचं असेल.

आता बघा, इथे प्रत्येक कागद खरा होता. अबक ग्लोबलवाला ठगच असेल असंही नाही, नवीन धंदा काढून जुन्या ओळखीवर ढकलगाडी चालवणाराही असू शकतो. पण त्याची मेंबरशिप शून्य आहे, आणि तो ते बोलला नाही.

बरं, मेंबरशिप पूर्णपणे खरी निघाली, मग तरी?

मग एवढंच कळलं की अमुक तारखेला ही कंपनी त्या यादीत होती आणि प्रवेशाच्या अटी तिने कधीतरी पुऱ्या केल्या होत्या. तो धंदा करायचं सरकारी लायसन्स तिच्याकडे आहे का, हे यातून कळत नाही, कारण लायसन्स देणारं खातं वेगळं असतं आणि त्याचं स्वतःचं रजिस्टर असतं. तिच्याकडे पैसे आहेत का, कोर्टात केसेस आहेत का, हे कळत नाही, दिवाळं निघायच्या आदल्या दिवशीही कंपनी मेंबरच असते. मालाचा दर्जा कळत नाही, त्यासाठी टेस्ट रिपोर्ट किंवा माल निघण्याआधीची तपासणी लागते. सही करणाऱ्या माणसाला सहीचा अधिकार आहे का तेही कळत नाही. आणि बँक खातं त्याच कंपनीचं आहे का, हे तर कुठल्याच असोसिएशनला माहीत नसतं. खात्याचं नाव आणि करारातलं नाव एक नसेल तर मेंबर असो की आणखी कोणी असो, तिथेच थांबायचं.

एक फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण काही असोसिएशन खरोखर पैशांचं संरक्षण देतात आणि मग लोकांना वाटतं सगळ्याच देतात. ब्रिटनमधली ट्रॅव्हल एजंटांची असोसिएशन, आबटा, 1950 ची आहे, तिची आचारसंहिता आहे आणि मेंबर कंपनी बुडाली तर काही प्रकारच्या पॅकेज बुकिंगचे पैसे परत मिळायची सोय आहे. पण मेंबरकडून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीला ती लागू होते असं नाही. विमानप्रवास असलेल्या पॅकेजसाठी तिथे वेगळी योजना आहे, ॲटॉल, ती असोसिएशनची नसून विमान वाहतूक बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची आहे, आणि त्यात ग्राहकाला त्याच्या त्या बुकिंगचं सर्टिफिकेट मिळावं लागतं. म्हणजे दुकानाच्या काचेवर दोन्ही लोगो असले तरी तुमच्या हातातल्या बुकिंगला कुठलं संरक्षण आहे हे बुकिंगच्या कागदावरच बघायचं. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात हाच प्रश्न विचारायचा: संरक्षण असेल तर कशाला, कितीपर्यंत, कुठल्या प्रकारच्या मेंबरला, आणि ते कुठे लिहिलंय ते दाखवा.

मोठ्या संस्थेचं नाव घेतलं तर?

माल वाहतुकीत फियाटा नावाची जागतिक फेडरेशन आहे, 1926 मध्ये व्हिएन्नात सुरू झाली. तिचे मेंबर दोन तऱ्हेचे, देशोदेशीच्या असोसिएशन आणि स्वतंत्र कंपन्या. आता एखादी कंपनी आपल्या देशातल्या असोसिएशनची मेंबर असते, ती असोसिएशन फियाटाची मेंबर असते, आणि कंपनी सरळ आपल्या लेटरहेडवर फियाटा छापते. एक पायरी गाळली की वजन वाढतं. म्हणून विचारायचं की तुम्ही थेट मेंबर आहात की तुमच्या असोसिएशनमार्फत, आणि चेक त्याच पातळीवर करायचा.

पॅरिसची इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे आयसीसी, 1919 ची, तिच्या नावाचा वापर तर फारच होतो. "आयसीसी अप्रूव्हड डील", "आयसीसी 600 नुसार" अशी वाक्यं टाकलेली कागदपत्रं फिरत असतात. ही संस्था लेटर ऑफ क्रेडिटचे, म्हणजे कागदपत्रं बरोबर असतील तरच बँक पैसे देईल अशा व्यवस्थेचे नियम छापते, यूसीपी 600 हे त्यातलेच, 2007 पासून लागू. हे नियम जगात कुणीही करारात वापरू शकतो, परवानगी नको, मेंबरशिप नको. त्यामुळे कागदावर 600 लिहिलंय म्हणून संस्थेने त्या सौद्याकडे बघितलंय असा अर्थ काढणं चूक, ती कुणाचे सौदे मंजूर करून देत नाही.

तसंच चेंबरचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, माल कुठल्या देशात बनला ते सांगणारं. शिक्का त्या मालाच्या उगमाबद्दल असतो आणि तोही निर्यातदाराने दिलेल्या कागदांवर बेतलेला. विकणाऱ्याच्या ऐपतीबद्दल त्यात काही नाही, आणि असं सर्टिफिकेट मिळवायला बऱ्याच चेंबरमध्ये मेंबर असावंच लागतं असंही नाही.

निदान तक्रार तरी करता येईल ना?

येईल, कंपनी मेंबर असेल आणि संस्थेत तक्रारीची पद्धत असेल तर. पण संस्था काय करू शकते? समज देईल, दंड करेल, मध्यस्थी करेल, फार झालं तर काढून टाकेल. तुमचे पैसे परत द्यायला लावायचा अधिकार बहुतेक संस्थांकडे नसतो, आणि कंपनीने मधेच राजीनामा दिला तर तक्रार बऱ्याचदा तिथेच बारगळते. काही धंद्यांत असोसिएशनची स्वतःची लवाद व्यवस्था असते आणि ती चांगली चालते, पण ती लागू व्हायला तुमच्या करारात तसं कलम असावं लागतं. ते सही करण्याआधी बघायचं, नंतर घालता येत नाही.

मग मेंबरशिपला काहीच अर्थ नाही असं म्हणायचं का?

नाही, असं मी म्हणणार नाही. ज्या असोसिएशनच्या अटी कडक आहेत, दरवर्षी तपासणी आहे, काढलेल्या मेंबर्सची नावं जाहीर होतात, तिथे पंधरा वर्षं सलग मेंबर असणं ही चांगली खूण आहे. शिवाय खोटं सापडलं तर ती माहिती फार मोलाची असते, मेंबर नसणं हा गुन्हा नाही, हजारो चांगल्या कंपन्या कुठल्याच संस्थेत नसतात, पण मेंबर नसताना आहे म्हणणं म्हणजे पहिल्याच कागदावर खोटं बोलणं. फक्त लोगो जुना राहून गेला असेल, रिन्युअल चुकलं असेल, तर विचारल्यावर माणूस सरळ कबूल करतो आणि लोगो काढतो. उडवाउडवी केली, चिडला, "विश्वास नसेल तर राहू द्या" म्हणाला, तर राहू द्यायचं.

आपल्या वर्कशॉपवाल्याला अबक ग्लोबलचा भाव खरंच परवडत असेल तर त्याने सौदा सोडायलाच हवा असंही नाही. त्याने मेंबरशिप हिशोबातून पूर्ण काढून टाकायची आणि सात महिन्यांच्या अनोळखी कंपनीशी जसा व्यवहार करू तसा करायचा. म्हणजे ऑर्डर छोटी, ॲडव्हान्स नाही किंवा अगदी नाममात्र, माल निघण्याआधी तिसऱ्या पार्टीकडून तपासणी, पैसे लेटर ऑफ क्रेडिटने. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बँक फक्त कागद बघते, खोक्यात बेअरिंग आहेत की दगड ते बघत नाही, म्हणून तपासणीचा रिपोर्ट हाही लागणाऱ्या कागदांच्या यादीत घालून घ्यायचा, आणि तपासणारी एजन्सी आपण निवडायची, त्याने सुचवलेली नाही.